आयटीआय झालेल्या मुलाला अप्रेंटिस घालू की ट्रेनी?

प्रश्न : माझ्या मुलानं वडोदऱ्यात तरसालीच्या आयटीआयमधून फिटर केलं. मकरपुऱ्यात दोन कंपन्यांनी बोलावलंय. एक म्हणते अप्रेंटिस म्हणून १ वर्ष, ७००० स्टायपेंड. दुसरी म्हणते ट्रेनी म्हणून २ वर्षं, १२००० देऊ, मग कायमी करू. शेजारचा मुलगा तिथेच कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्पर आहे, त्याचा पीएफपण कापतात. या तिघांत फरक काय, आणि नंतर नोकरी पक्की कुठे?

उत्तर : ताई, शेवटचं आधी सांगतो. नोकरी पक्की दोन्हीकडे नाहीये. "मग कायमी करू" हे तुम्हाला कोणी सांगितलं, सुपरवायझरनं की एचआरनं, आणि तोंडी की लेखी, यावर सगळं आहे. मी मकरपुरा जीआयडीसीत पर्सोनेल आणि टाइम ऑफिसमधे आयुष्य काढलंय. अप्रेंटिसचे करार भरलेत, ट्रेनींची लेटरं टाइप करून घेतलीत, कायमीच्या ऑर्डरी पण हातात दिल्यात. त्यामुळे "थई जशे, चिंता ना करो" या वाक्याची किंमत मला चांगली माहितीये.

आता पहिल्या कंपनीचं बघू. तिथे बघायची गोष्ट एकच, करार सरकारी पोर्टलवर नोंदला जाणार आहे का. अप्रेंटिस हा प्रकार १९६१ च्या अप्रेंटिसेस अ‍ॅक्टमधून येतो. त्या कायद्यात करार झाल्यावर कंपनीनं सात दिवसांत त्याची माहिती पोर्टलवर टाकायची असते आणि मग सरकारचा अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझर तो तपासून रजिस्टर करतो. तुमच्या मुलाचं रजिस्ट्रेशन apprenticeshipindia.gov.in वर असेल, आणि करार झाला की तो त्याच्या स्वतःच्या लॉगिनमधे दिसला पाहिजे, त्याला नंबर असतो. हा नंबर नसेल तर कंपनी गेटपासवर अप्रेंटिस लिहो, युनिफॉर्मवर लिहो, की हजेरीपटावर लिहो, तो कायद्यातला अप्रेंटिस नाही. मुलगा १८ च्या आतला असेल तर करारावर तुमची पालक म्हणून सही लागेल, ती सही करताना सगळी पानं वाचा, घाई करतील, करू दे.

हा नंबर इतका महत्त्वाचा का, तर त्यानं माणूस एका दारातून आत जातो आणि दुसऱ्या दारातून बाहेर. कायद्याच्या कलम १८ मधे सरळ लिहिलंय की अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नाही, आणि कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. म्हणजे किमान वेतन नाही, पीएफ नाही, ईएसआय नाही, बोनस नाही, आणि ग्रॅच्युइटीसाठी ते वर्ष मोजलं जात नाही. बऱ्याच आईवडलांना वाटतं कंपनी फसवतेय, पीएफ कापत नाही. इथे ती फसवणूक नाहीये, कायदाच तसा आहे. त्या बदल्यात काही गोष्टी मिळतात त्या मात्र कामगाराहून पक्क्या आहेत, त्या पुढे येतीलच.

स्टायपेंडचं गणित सांगतो कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतो. २०१९ मधे नियम बदलले तेव्हा कमीत कमी आकडे ठरले, पाचवी ते नववी शिकलेल्याला ५०००, दहावीला ६०००, बारावी किंवा आयटीआयवाल्याला ७०००, डिप्लोमावाल्याला ८०००, ग्रॅज्युएटला ९०००. ट्रेनिंग एका वर्षापेक्षा जास्त चाललं तर दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी आणखी १५ टक्के वाढ. मे २०२५ मधे केंद्रीय अप्रेंटिसशिप कौन्सिलनं ही ५००० ते ९००० ची रेंज ६८०० ते १२३०० करायची शिफारस केलीये, म्हणून सही करायच्या दिवशी मुलाच्या ट्रेडला कमीत कमी किती लागू आहे ते पोर्टलवर बघूनच घ्या, आणि लक्षात ठेवा की हा कमीत कमी आकडा आहे, कंपनी जास्त देऊ शकते आणि बऱ्याच चांगल्या कंपन्या देतात पण.

आता तुमचे ७०००. नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीममधे सरकार स्टायपेंडचा २५ टक्के भाग उचलतं, पण महिन्याला जास्तीत जास्त १५००. सात हजाराचे २५ टक्के १७५० होतात, पण वरची मर्यादा १५०० असल्यामुळे सरकारकडून १५०० आणि कंपनीकडून ५५००. पूर्वी कंपनी पूर्ण देऊन सरकारकडून परत मागायची, २०२३ पासून सरकारचा हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो. त्यामुळे होतं काय, पहिल्या महिन्यात खात्यात ५५०० च पडतात आणि घरी आरडाओरडा, सात सांगितले होते साडेपाचच आले. सरकारचे पैसे मागून येतात, आणि कंपनीनं आपला हिस्सा भरल्याची नोंद पोर्टलवर केली की पुढची गाडी हलते. मुलाचं आधार बँक खात्याला जोडलेलं नसेल तर ते १५०० अडकून बसतात, आणि हे कंपनीच्या हातात नाही, बँकेत जाऊन तुम्हीच करून घ्यायचं काम आहे, पहिल्या आठवड्यातच करून टाका. कंपनीचा हिस्सा मात्र पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळालाच पाहिजे असा नियम आहे, "सरकारचे आले की देऊ" हे चालत नाही.

कायद्यानं अप्रेंटिसला जे संरक्षण दिलंय त्यातल्या दोन गोष्टी मकरपुऱ्यात जरूर तपासा. एक म्हणजे अप्रेंटिसला नगावर पैसे देता येत नाहीत आणि प्रॉडक्शन बोनसच्या स्कीममधे त्याला ओढता येत नाही. म्हणजे "दिवसाला इतके जॉब काढ नाहीतर स्टायपेंड कापू" असं कोणी म्हणालं तर ते बेकायदा आहे. दुसरं, ओव्हरटाइम, अ‍ॅडव्हायझरची परवानगी घेतल्याशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही आणि अ‍ॅडव्हायझरनं पण ती परवानगी ट्रेनिंगसाठी किंवा लोकांच्या हितासाठी गरज असेल तरच द्यायची. आता खरं सांगायचं तर दिवाळीच्या आधी डिस्पॅचच्या घाईत हे कोण पाळतं. पण मुलानं रोजच्या हजेरीच्या वेळा आपल्या वहीत लिहून ठेवल्या तर पुढे बोलायला हातात काहीतरी राहतं. सुट्ट्या त्या कारखान्यात ज्या असतात त्या त्याला पण मिळतात. मशीनवर अपघात झाला तर नुकसानभरपाईचा कायदा त्याला लागू आहे, सेफ्टीचे कारखान्याचे नियम पण लागू आहेत, तिथे "तो कामगार नाही" ही सबब चालत नाही.

मुदत आयटीआय फिटरला साधारण एक वर्षाची असते कारण त्याचं दोन वर्षांचं शिक्षण आधीच झालंय. तारीख संपली की करार आपोआप संपतो. नोटीस नाही, छाटणीची भरपाई नाही, काही नाही. मधेच काढायचं असेल तर मात्र कंपनी एका फोनवर काढू शकत नाही, अ‍ॅडव्हायझरकडे अर्ज करावा लागतो. मुलाला सोडायचं असेल तरी तसंच, दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळतायत म्हणून उठून गेला तर पोर्टलवर तो करार लटकत राहतो आणि नवीन करार करताना तोच आडवा येतो. हे मुलांना कोणी सांगत नाही.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण ती पुढच्या नोकरीवर परिणाम करते. करारात ट्रेडचं नाव काय लिहिलंय ते बघा. फिटर हा सरकारनं ठरवलेला डेझिग्नेटेड ट्रेड आहे, त्यात अप्रेंटिसशिप पुरी करून ऑल इंडिया ट्रेड टेस्ट पास झालं की नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं, ज्याला आम्ही एनएसी म्हणतो. पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना ऑप्शनल ट्रेड पण चालवता येतात, म्हणजे कंपनीच आपला कोर्स ठरवते, असेंब्ली ऑपरेटर किंवा तसलं काहीतरी नाव देते. कंपनीला ते सोपं पडतं. मुलगा फिटर, काम फिटरचं, आणि करारात ऑप्शनल ट्रेड असं झालं तर वर्षाच्या शेवटी हातात सर्टिफिकेट येतं पण ते फिटरचं एनएसी नसतं. सरकारी कंपन्यांच्या टेक्निशियनच्या जाहिरातीत जिथे आयटीआयबरोबर एनएसी मागतात तिथे हा मुलगा बाहेर. म्हणून विचारा, "करार डेझिग्नेटेड फिटर ट्रेडमधेच आहे ना, आणि ट्रेड टेस्टचा फॉर्म तुम्ही भरणार ना". दुसरा प्रश्न पण तितकाच खरा आहे, कारण वर्ष संपलं की टाइम ऑफिसचं लक्ष नवीन बॅचकडे जातं आणि जुन्या मुलांचे परीक्षेचे फॉर्म राहून जातात.

आता नंतरच्या नोकरीचं. अप्रेंटिसेस अ‍ॅक्टचं कलम २२ यावर आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पूर्वी पहिल्या भागात साफ लिहिलेलं होतं की नोकरी द्यायला कंपनी बांधील नाही आणि घ्यायला मुलगा बांधील नाही. २०१४ मधे ते बदलून असं केलं की प्रत्येक कंपनीनं आपल्याकडच्या अप्रेंटिसना नोकरीत घेण्याचं स्वतःचं धोरण बनवावं. ऐकायला छान वाटतं, पण धोरणात "जागा असेल आणि इंटरव्ह्यूत पास झाला तर विचार करू" एवढंच लिहिलं तरी कायदा पाळला असंच होतं. तरी एचआरला ते धोरण दाखवायला सांगा. नसेल तर "बनवतोय" म्हणतील, असेल तर त्यात गेल्या वर्षीच्या बॅचमधून किती घेतले हा प्रश्न लगेच पुढचा, आणि त्याचं उत्तर एचआरपेक्षा गेटवरचा सिक्युरिटीवाला किंवा कँटीनवाला जास्त खरं देतो.

कलम २२ चा दुसरा भाग खरा दात असलेला आहे. करारातच जर अशी अट असेल की ट्रेनिंग पुरं झाल्यावर मुलानं इतकी वर्षं या कंपनीत काम करायचं, तर कंपनी त्याला योग्य नोकरी द्यायला बांधील होते आणि मुलगा पण ठरलेल्या पगारावर ठरलेल्या मुदतीपर्यंत काम करायला बांधील होतो. आणि ती मुदत किंवा तो पगार अवाजवी वाटला तर अ‍ॅडव्हायझर बदलू शकतो. म्हणजे ही अट दुतर्फा आहे, कंपनीला नुसता बाँड घेऊन मुलाला बांधून ठेवता येत नाही, तिला नोकरी पण द्यावी लागते. म्हणूनच खासगी कंपन्यांचे वकील ही ओळ करारात येऊ देत नाहीत. माझ्या पाहण्यात मकरपुऱ्यात ती फार क्वचित आलीये.

सुप्रीम कोर्टानं १९९५ मधे यूपी रोडवेजच्या अप्रेंटिसच्या केसमधे असं म्हटलंय की बाकी सगळं सारखं असेल तर शिकलेल्या अप्रेंटिसला बाहेरच्या उमेदवारापेक्षा आधी घ्यावं, आणि वयाची अट आडवी आली तर नियमात असेल तशी सूट द्यावी. लोक हा निकाल नोकरीचा हक्क म्हणून मिरवतात, तसं नाहीये. दोघं बरोबरीला आले तरच याला प्राधान्य, आणि भरती निघालीच नाही तर प्राधान्य कशात. खरा आकड्यातला फायदा रेल्वेत आहे. रेल्वेच्या कारखान्यात किंवा शेडमधे अप्रेंटिसशिप केलेल्यांना लेव्हल १ च्या थेट भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. वेस्टर्न रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत वडोदरा डिव्हिजन आणि प्रतापनगर वर्कशॉप असतातच, तेव्हा मुलाचं दहावी आणि आयटीआयचं मार्कशीट चांगलं असेल तर ती जाहिरात सोडू नका. तिथे पण परीक्षा द्यावीच लागते, आपोआप कोणी घेत नाही, पण शंभरातल्या वीस जागांसाठी फक्त रेल्वेत शिकलेल्यांशीच स्पर्धा असणं ही मोठी गोष्ट आहे. एक लक्षात घ्या, एकदा खासगी कंपनीत फिटरची अप्रेंटिसशिप केली की रेल्वेच्या अप्रेंटिससाठी अर्ज करता येत नाही, त्यांच्या जाहिरातीतच तशी अट असते. म्हणून हा निर्णय आत्ताच घ्यायचाय, नंतर नाही.

आता दुसरी कंपनी, ट्रेनीवाली. इथे जरा थांबून बोलतो कारण घोळ सगळा इथे आहे. ट्रेनी नावाचा वेगळा कायदा नाहीये. अप्रेंटिसेस अ‍ॅक्टखाली नोंदलेला नसेल तर तो कोण हे लेटरवर काय छापलंय यावरून ठरत नाही, तो रोज काय करतो यावरून ठरतं. खरंच शिकवतायत का, काही अभ्यासक्रम आहे का, कोणी शिकवणारा नेमलाय का, की दुसऱ्या दिवसापासून ड्रिलिंग मशीनवर एकटा उभा करून शिफ्टचं प्रॉडक्शन काढून घेतायत. दुसरं असेल तर तो कामगार आहे, मग त्याला किमान वेतन लागू, पीएफ लागू, ईएसआय लागू.

मी एका कंपनीत हे जवळून बघितलंय, नाव नको. तिथे ट्रेनी म्हणून मुलं घ्यायचे, दोन वर्षांचं लेटर, मग "परफॉर्मन्स समाधानकारक नाही" म्हणून सहा महिने वाढ, परत सहा महिने वाढ. पीएफ नाही. एका मुलानं तक्रार केली आणि पीएफ ऑफिसची चौकशी लागली. अधिकाऱ्यानं ट्रेनिंगबद्दल एकच प्रश्न विचारला, ट्रेनिंगचं रजिस्टर दाखवा. नव्हतं. मग त्यानं शिफ्टचे प्रॉडक्शन रिपोर्ट मागवले, त्यात ऑपरेटरच्या रकान्यात याच ट्रेनींची नावं, तिसऱ्या शिफ्टलापण. तेवढ्यावर विषय संपला, कंपनीला मागचा सगळा पीएफ भरावा लागला, आपला हिस्सा पण आणि मुलांचा पण, वर व्याज आणि दंड. कंपनीचा बचाव असा होता की हे आमच्या स्टँडिंग ऑर्डरखालचे, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या सेवानियमांखालचे, शिकाऊ आहेत. जुन्या पीएफ कायद्यात ती पळवाट खरंच होती, अप्रेंटिसेस अ‍ॅक्टवाले आणि स्टँडिंग ऑर्डरवाले शिकाऊ दोन्ही बाहेर होते, आणि काही कंपन्या कोर्टात त्यावर जिंकल्यापण आहेत. पण नाव शिकाऊ आणि काम ऑपरेटरचं असेल तर ती टिकत नाही, तिथे तेच झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यातल्या सामाजिक सुरक्षेच्या कोडमधे कर्मचारी या व्याख्येतून फक्त १९६१ च्या कायद्याचा अप्रेंटिस बाहेर ठेवलाय, स्टँडिंग ऑर्डरवाल्यांचा तिथे उल्लेखच नाही. म्हणजे बिनानोंदणीचे ट्रेनी ठेवणाऱ्यांची जागा आता आणखी आखडलीये.

आता तुमचे १२००० मांडून बघू. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर दिवसाला ४६१ रुपये पडतात. गुजरात सरकारनं २०२३ मधे किमान वेतनाचे नवीन दर काढले त्यात महापालिका हद्दीत कुशल कामगाराचा मूळ दरच ४७४ होता, आणि त्यावर महागाई भत्ता येतो जो एप्रिल आणि ऑक्टोबरमधे बदलतो. म्हणजे तुमचा आयटीआय झालेला फिटर तिथे फिटरचंच काम करणार असेल तर १२००० हा आकडा किमान वेतनाच्या पण खाली आहे. ट्रेनी हे नाव नेमकं यासाठीच लावतात, आता तुम्हाला कळलं असेल.

पीएफ कापतात का हे विचारा. कापत असतील आणि पूर्ण १२००० वर कापत असतील तर मुलाचे १२ टक्के म्हणजे १४४० जातील, ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे ९०, हातात १०४७०. ऐकून वाईट वाटतं पण तेवढेच १४४० कंपनी तिच्याकडून घालते, आणि मुलगा आजारी पडला तर ईएसआयचा दवाखाना आहे. पीएफ कापणं ही इथे चांगली खूण आहे, कारण त्याचा अर्थ कंपनीनं स्वतःच कबूल केलंय की हा कर्मचारी आहे, आणि मग त्याची सर्व्हिस पहिल्या दिवसापासून मोजली जाते. पीएफ कापत नाहीत आणि पोर्टलचा करार पण नाही, अशी दोन्हीकडून कोरडी जागा असेल तर ती सगळ्यात वाईट.

मोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर ट्रेनी, डिप्लोमा ट्रेनी यांच्याशी मात्र हे मिसळू नका. तिथे ट्रेनी हे पहिल्या वर्षाचं पद असतं, पगाराची स्लिप असते, पीएफ पहिल्या महिन्यापासून, आणि वर्षानंतर कन्फर्मेशनचं लेटर. ते एका अर्थी प्रोबेशनच आहे. प्रोबेशनवाला हा कायमी जागेवरच घेतलेला असतो, फक्त तपासून बघायची मुदत चालू असते, स्टँडिंग ऑर्डरच्या नमुन्यात ती तीन महिन्यांची आहे, कंपन्या सहा लिहितात. तुमच्या मुलाच्या लेटरमधे "प्रोबेशन" शब्द आहे की "ट्रेनिंग", हा फरक बारीक दिसतो पण जागा आहे की नाही याचा तो पुरावा असतो.

आता लेटर हातात आलं की शेवटून वाचायला लागा, शेवटच्या पानावर खरं असतं. "समाधानकारक ट्रेनिंगनंतर रिक्त जागा असल्यास आपल्या नावाचा विचार केला जाईल", हे वचन नाही, यावर कोर्टात उभं राहता येत नाही. "ट्रेनिंगच्या शेवटी अमुक ग्रेडमधे अमुक पगारावर नियुक्ती देण्यात येईल", हे वचन आहे, कारण त्यात ग्रेड आणि पगार आहे. "व्यवस्थापनाच्या इच्छेनुसार ट्रेनिंगची मुदत वाढवता येईल" असं असेल तर दोन वर्षांची चार होऊ शकतात, तिथे "एकदाच, जास्तीत जास्त सहा महिने" असं लिहून मागा. देणार नाहीत बहुतेक, पण विचारल्यावर एचआरवाला कसा उत्तर देतो त्यातून बरंच कळतं. बाँड असेल तर रक्कम बघा. दोन वर्षांचा ट्रेनी सोडून गेला तर पन्नास हजार भरा असं लिहिलेलं असतं, पण कंपनीला कोर्टात आपलं खरं नुकसान दाखवावं लागतं, छापलेला आकडा आहे तसा मिळत नाही. आणि ओरिजिनल मार्कशीट कोणालाही द्यायच्या नाहीत, झेरॉक्सवर सही करून द्या, "फक्त फाइलला ठेवतो" म्हटलं तरी नाही. ओरिजिनल अडकल्यामुळे रेल्वेचं डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन हुकलेली मुलं मी बघितलीयेत.

शेजारच्या मुलाचं सांगतो, तो या तिघांत कागदानं सगळ्यात साधा आहे. तो कॉन्ट्रॅक्टरचा कर्मचारी, किमान वेतन, पीएफ, ईएसआय, बोनस सगळं लागू, ओव्हरटाइम दुप्पट दरानं. फक्त ज्या कंपनीच्या गेटमधून तो रोज आत जातो तिनं त्याला काहीच कबूल केलेलं नाही, कॉन्ट्रॅक्ट बदललं की नवीन कॉन्ट्रॅक्टरकडे परत पहिल्यापासून सुरू, तेव्हा त्याला सांगा पीएफचा यूएएन नंबर तोच चालू ठेव, दर वेळी नवीन काढू देऊ नकोस. आणि हेल्परच्या अनुभवाचा फिटरच्या जाहिरातीत उपयोग होत नाही.

तुमच्या मुलाच्या जागी माझा भाचा असता तर मी त्याला आधी रेल्वेची आणि रिफायनरीसारख्या सरकारी कंपन्यांची अप्रेंटिसची जाहिरात बघायला लावली असती. त्यात नाव लागेपर्यंत थांबणं घरी परवडत नसेल तर पहिली कंपनी, पण करार डेझिग्नेटेड फिटर ट्रेडमधे असेल आणि ट्रेड टेस्टचं कबूल करत असतील तरच. वर्षाचे ८४००० विरुद्ध १४४००० असा साठ हजारांचा फरक दिसतोय तुम्हाला, मलापण दिसतोय, पण त्या वर्षाच्या शेवटी एनएसी हातात असलेला फिटर पुढच्या कंपनीत कुशल म्हणून उभा राहतो, आणि ट्रेनीचं मात्र तेव्हा आणखी एक वर्ष बाकी असतं. ट्रेनीवाल्या कंपनीला तरी एकदा भेटून या आणि पीएफ पहिल्या महिन्यापासून कापणार का, आणि नंतरची ग्रेड लेटरमधे लिहून देणार का, एवढे दोन प्रश्न विचारा. दोन्हीला हो म्हणाले आणि लिहून दिलं तर माझं मत बदलेल, मग १२००० चे किमान वेतनाइतके करून घ्या आणि खुशाल तिकडे घाला. लेटर हातात आल्यावर सही करायच्या आधी दोन दिवस मागून घ्या, कुबेर भवनात लेबर ऑफिस आहे तिथे दाखवून या, पैसे पडत नाहीत.